आडवी शिडी, उघडा डबा: हयगयीचा एक प्रश्न दुसऱ्यांदा सोडवताना

अपकृत्य कायद्याच्या वर्गात 3 जुलैला आम्हाला एक लेखी प्रश्न मिळाला. उत्तराला पंधराशे शब्दांची मर्यादा होती, वीस गुण होते आणि मुदत अकरा दिवसांची होती. मी नोकरी सांभाळून शिकते, त्यामुळे अभ्यास रात्रीच होतो. पहिल्या उत्तरावर माझे एकोणीस तास गेले आणि त्याला वीसपैकी सात गुण मिळाले. मॅडमनी पुन्हा लिहिण्याची परवानगी दिली. दुसऱ्या वेळी सव्वीस तास लागले. या दोन उत्तरांमध्ये काय बदलले ते इथे क्रमाने लिहिते आहे, कारण पहिल्या वेळी मला कायदा ठाऊक होता आणि तरीही उत्तर लिहिता आले नव्हते. अशा प्रश्नापुढे बसलेल्या आणखी कोणाची तशीच अडचण होत असेल, तर तिला या हकिकतीचा उपयोग व्हावा.

आधी प्रश्न सांगते. एका इमारतीच्या जिन्याला रंग देण्याचे काम चालू आहे. रंगारी अजून शिकाऊ आहे आणि कामावरचा त्याचा हा तिसरा आठवडा आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांमधल्या वळणावर खिडकी नाही. दुपारी एक वाजता जेवायला जाताना तो लाकडी शिडी वळणावर आडवी टाकतो, शेजारी थिनरचा पाच लिटरचा डबा झाकण न लावता ठेवतो आणि कोणतीही सूचनापाटी लावत नाही. या इमारतीत आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी वीज जाते, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलेले आहे. सव्वा वाजता वीज जाते. दीड वाजता तिसऱ्या मजल्यावर राहणारी एक बाई काळोखात जिना उतरू लागते. तिच्या हातात फोन आहे, पण त्याचा टॉर्च तिने लावलेला नाही. ती शिडीला अडखळून पडते आणि तिचे मनगट मोडते. हाडे आधीपासून ठिसूळ असल्यामुळे मनगट नीट सांधत नाही, आणि घड्याळदुरुस्तीचे तिचे बारीक काम कायमचे सुटते. पडताना तिच्या पायाने डबा लवंडतो. थिनर पायऱ्यांवरून खाली वाहत जातो आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने दाराबाहेर लावून ठेवलेल्या मेणबत्तीवर पेट घेतो. शेजाऱ्याचे दार आणि चौकट जळते. रंगाऱ्याच्या जबाबदारीची चर्चा करा, असे विचारले होते. त्याच्या मालकाची जबाबदारी विचारात घ्यायची नव्हती.

हयगयीचा दावा चार पायऱ्यांनी तपासायचा असतो: कर्तव्य, कर्तव्यभंग, कार्यकारणभाव आणि नुकसानाची दूरता. पहिल्या उत्तराचा जवळजवळ अर्धा भाग मी काळजी घेण्याच्या कर्तव्यावर, म्हणजे ड्यूटीवर, खर्च केला. डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन हा 1932 चा निवाडा मी सविस्तर सांगितला. जिंजर बिअरची बाटली, तिच्यात निघालेली गोगलगाय, ‘शेजारी कोण’ हा प्रश्न आणि त्याचे उत्तर, काहीही सोडले नाही. त्यानंतर ‘रंगाऱ्याने योग्य ती काळजी घेतली नाही, म्हणून कर्तव्यभंग झाला’ असे एक वाक्य लिहिले. त्यापुढे ‘या हयगयीमुळे बाई पडली’ असे दुसरे वाक्य होते. मनगट आणि आग या दोन्हींसाठी मिळून एकच परिच्छेद होता, आणि त्यात मेणबत्तीची कल्पना कोणालाच आली नसती म्हणून आगीचे नुकसान फार दूरचे आहे, असा निष्कर्ष काढला होता.

14 जुलैला उत्तर दिले आणि ते 25 तारखेला परत आले. कर्तव्याच्या भागावर मॅडमनी तिरकी रेघ मारून समासात ‘यावर वाद कोणाचा आहे?’ असे लिहिले होते. ‘योग्य ती काळजी’ या शब्दांखाली दोन रेघा होत्या आणि पुढे एकच शब्द होता: ‘कोणती?’ मला फार वाईट वाटले, कारण नियम सगळे बरोबर लिहिले होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना भेटायला गेले.

“मॅडम, निवाडे चुकले आहेत का?” मी विचारले.

“निवाडे बरोबर आहेत,” त्या म्हणाल्या. “पण तुमच्या उत्तरात रंगारी कुठे आहे? एक वाजता त्याने नेमके काय करायला हवे होते, ते क्रियापद वापरून सांगा. ‘काळजी घ्यायला हवी होती’ हे चालणार नाही. दिसेल असे क्रियापद हवे.”

मी तिथेच सांगायला लागले. शिडी भिंतीला टेकवून उभी करायला हवी होती. डब्याला झाकण लावायला हवे होते. पाटी लावायला हवी होती. मॅडमनी तीन बोटे वर केली आणि म्हणाल्या, “हे तीन वेगवेगळे भंग आहेत. प्रत्येक भंग घेऊन पुढच्या दोन पायऱ्या वेगळ्याने चढायच्या. सगळे एका गाठोड्यात बांधले, की कुठला भंग कुठल्या नुकसानाला लागू होतो ते तुम्हालाच दिसत नाही.”

दुसरे उत्तर सगळे या एका सूचनेवर उभे राहिले. मुदत 11 ऑगस्टपर्यंत होती. मी सुरुवातीला एक लहान तक्ता केला. डावीकडे तीन न झालेल्या कृती आणि वर दोन नुकसाने, मनगट आणि दार, अशी सहा घरे तयार झाली. त्यांतली कोणती भरतात आणि कोणती रिकामी राहतात ते शोधणे, एवढेच आता काम होते.

कर्तव्याचा भाग मी नव्वद शब्दांत संपवला. स्वतःच्या प्रत्यक्ष कृतीने दुसऱ्याच्या शरीराला किंवा मालमत्तेला अपाय होऊ शकतो अशी परिस्थिती निर्माण करणाऱ्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य असते, हे कॉमन लॉमध्ये फार पूर्वीच ठरून गेलेले आहे. कर्तव्य नव्याने मान्य करावे का, ते न्याय्य ठरेल का, ही लांबलचक चर्चा नव्या प्रकारच्या प्रसंगांसाठी असते, आणि रॉबिन्सन खटल्यात 2018 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने तेच स्पष्ट करून सांगितले. जिन्यावर शिडी आडवी टाकणारा माणूस आणि तो जिना वापरणारे रहिवासी यांच्या संबंधात नवे काही नाही. बाई वापरकर्ती आहे आणि शेजारी त्याच जिन्याला लागून राहतो, म्हणून कर्तव्य दोघांप्रतीही आहे, एवढे लिहून मी पुढे गेले. ज्या पायरीवर प्रतिवादीचा वकील वाद घालणारच नाही, तिथे शब्द घालवू नयेत. मोजक्या शब्दांच्या उत्तरात त्या शब्दांची किंमत पुढे मोजावी लागते, आणि माझ्या पहिल्या उत्तरात ती आगीच्या परिच्छेदाने मोजली होती.

खरा वेळ कर्तव्यभंगावर गेला. इथली कसोटी समंजस माणसाची आहे. ब्लिथ खटल्यात 1856 मध्ये न्यायाधीश आल्डरसन यांनी ती मांडली: समंजस माणूस जे करील ते न करणे, किंवा शहाणा व समंजस माणूस जे करणार नाही ते करणे, म्हणजे हयगय. पहिल्या उत्तरात हे वाक्य मी उतरवले होते, पण वापरले नव्हते. वापरायचे म्हणजे त्या माणसाला रंगाऱ्याच्या जागी, दुपारी एक वाजता, त्याच वळणावर उभे करायचे आणि त्याला काय ठाऊक होते ते विचारायचे.

पहिला प्रश्न असा आला की हा माणूस शिकाऊ असेल का. माझा जीव रंगाऱ्यासाठी हळहळत होता. कामाच्या तिसऱ्याच आठवड्यात असलेल्या मुलाकडून मुरलेल्या कारागिराची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटत होते. पण 1971 च्या नेटलशिप विरुद्ध वेस्टन या निवाड्यात गाडी शिकणाऱ्या चालकालाही अनुभवी, सक्षम चालकाचेच माप लावले गेले. त्यामागचे कारण नीट समजल्यावर माझी हळहळ थोडी कमी झाली. हे माप दोष देण्यासाठी नसून नुकसान कोणी सोसायचे हे ठरवण्यासाठी आहे, आणि जिना उतरणाऱ्या बाईला शिडी कोणी टाकली व तो किती दिवस शिकतो आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून मी ‘समंजस रंगारी’ एवढेच लिहिले आणि ‘शिकाऊ’ हा शब्द त्या मापातून काढला. लहान मुलांच्या बाबतीत वय धरले जाते, पण अननुभव धरला जात नाही.

दुसरा धोका मागाहून आलेल्या शहाणपणाचा आहे. बाई पडली, आग लागली, हे आपल्याला ठाऊक असते, आणि ते ठाऊक असताना रंगाऱ्याचे वागणे वाईटच दिसते. रो विरुद्ध आरोग्यमंत्री या खटल्यात अपघात 1947 चा होता आणि निकाल 1954 चा. 1947 च्या अपघाताकडे 1954 च्या चष्म्यातून पाहू नये, असे लॉर्ड डेनिंग यांनी तिथे बजावले. म्हणून मी वेळ एक वाजता थांबवली. एक वाजता दिवा चालू होता. त्या क्षणी समंजस रंगाऱ्याला काळोख अपेक्षित होता का? माझ्या दुसऱ्या कच्च्या मसुद्यात मी ‘नाही’ असे लिहून बसले होते, आणि तसे असते तर अर्धा दावा तिथेच कोसळला असता. मग प्रश्न पुन्हा वाचताना वीज जाण्याबद्दलचे वाक्य नजरेत भरले. आठवड्यातून दोन-तीनदा दुपारी वीज जाते आणि हे त्याला पहिल्या दिवशीच सांगितले होते. खिडकी नसलेल्या वळणावर, दुपारच्या वेळी, तीन आठवड्यांत त्याने तो काळोख स्वतः अनुभवला असण्याचीही शक्यता आहे. त्यानंतर मी प्रश्नातल्या प्रत्येक वाक्यापुढे ते कोणत्या पायरीवर कामाला येते हे पेन्सिलीने लिहून ठेवले. एखादे वाक्य कुठेच वापरले गेले नसेल, तर तिथे काहीतरी निसटले आहे असे समजून पुन्हा शोधले.

अंदाज करता येतो एवढ्यावर मात्र भंग सिद्ध होत नाही. बोल्टन विरुद्ध स्टोन या 1951 च्या निवाड्यात क्रिकेटचा चेंडू मैदानाबाहेर जाऊ शकतो हे सगळ्यांना ठाऊक होते. तसे सुमारे तीस वर्षांत सहाएक वेळाच घडले होते, आणि इतक्या अल्प धोक्यासाठी क्लबने आणखी काही केले नाही म्हणून तो जबाबदार ठरला नाही. म्हणजे तराजूत चार गोष्टी ठेवायच्या: अपाय होण्याची शक्यता किती, झाला तर केवढा, टाळायला किती खटपट, आणि ते काम कशासाठी चालले होते. मी हा तराजू तिन्ही कृतींना वेगवेगळा लावला. शिडी आडवी असताना काळोखात कोणी अडखळण्याची शक्यता चांगलीच मोठी आहे, जिन्यावरून पडणे गंभीर असते, आणि ती भिंतीला टेकवून उभी करायला अर्धे मिनिट लागते. झाकण लावायला त्याहूनही कमी वेळ लागतो, आणि थिनर ज्वालाग्राही असतो हे डब्यावरच छापलेले असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती जिन्यावरून खालीच उतरते, हेही समंजस रंगाऱ्याला ठाऊक असायला हवे. पाटीलाही फारसे काही लागत नाही. तिन्ही भंग सिद्ध होतात, असे मी लिहिले आणि समाधानाने झोपले.

ते समाधान पुढच्या पायरीवर मोडले. कार्यकारणभावाची साधी कसोटी ‘नसते तर’ची आहे. प्रतिवादीने भंग केला नसता, म्हणजे ते करायचे राहिलेले काम त्याने केले असते, तर हे नुकसान टळले असते का, हे शक्यतेच्या पारड्यात तोलायचे. बार्नेट खटला (1969) सगळ्यांच्या वाचनात असतो. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याच्या चहात आर्सेनिक होते, डॉक्टरने त्याला तपासले नाही, पण तपासले असते तरी वेळेत उपचार होऊन तो वाचला असता असे दिसत नव्हते, म्हणून दावा फेटाळला गेला. मी हा निवाडा पाठ केला होता आणि तरीही माझ्या उत्तरात तो माझ्याच विरुद्ध जातो हे मला दिसले नव्हते.

पाटीचे घर घेतले. पाटी लावली असती, असे समजू. बाई दीड वाजता खिडकी नसलेल्या जिन्यावर, वीज गेलेली असताना, टॉर्च न लावता उतरते आहे. पाटी तिला दिसली नसती. म्हणजे भंग आहे, नुकसान आहे, आणि तरीही त्या भंगाने ते नुकसान झालेले नाही. हे मान्य करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पाटी न लावणे ही मला रंगाऱ्याची सगळ्यात ठळक चूक वाटत होती, आणि दाव्यासाठी तीच निरुपयोगी ठरत होती. मॅकविल्यम्स विरुद्ध आरोल या 1962 च्या निवाड्यात हाच प्रकार आहे. उंचावर पोलादी काम करणारा कामगार पडून मेला. मालकाने सुरक्षापट्टा दिलाच नव्हता, हा भंग उघड होता. पण पट्टा दिला असता तरी त्याने तो बांधला नसता असे पुराव्यावरून दिसत होते, म्हणून मालक जबाबदार ठरला नाही.

वर्गातली माझी मैत्रीण मात्र हे ऐकून घ्यायला तयार नव्हती. “पाटी वाचता आली नसती हे खरे,” ती म्हणाली, “पण समंजस रंगाऱ्याने पाटीऐवजी जिन्याला आडवी दोरी बांधली असती तर? दोरी हाताला लागली असती, तिला उजेड लागत नाही.” हा मुद्दा चांगला होता. हेली विरुद्ध लंडन इलेक्ट्रिसिटी बोर्ड या 1965 च्या निवाड्यात अंध पादचाऱ्याला जाणवणार नाही असा अडथळा खड्ड्यापुढे ठेवणे पुरेसे मानले गेले नव्हते, आणि काळोख्या जिन्यावर आपण सगळेच त्या पादचाऱ्यासारखे असतो. मी दोरीचा उल्लेख दोन ओळींत केला. पण एक गोष्ट तिने मला नकळत दाखवून दिली. भंग म्हणून आपण कोणती राहून गेलेली कृती निवडतो, त्यावर कार्यकारणभावाचे उत्तर बदलते. पाटी निवडली तर दावा पडतो, दोरी किंवा उभी शिडी निवडली तर तो टिकतो. वादीच्या वकिलाने म्हणूनच असा भंग मांडायला हवा, जो टाळला असता तर नुकसान टळले असते, आणि त्याच वेळी जो समंजस माणसाकडून खरोखर अपेक्षित होता. मांडणी मुद्दाम ताणून ‘त्याने जिना बंदच ठेवायला हवा होता’ असे लिहिले, तर कार्यकारणभाव सुटतो पण भंग उरत नाही, कारण जेवणाच्या वेळेसाठी रहिवाशांचा जिना कोणताही समंजस रंगारी बंद करणार नाही.

उरलेली घरे त्यामानाने लवकर भरली. शिडी भिंतीला टेकवली असती तर बाई अडखळली नसती आणि मनगट मोडले नसते. झाकण लावलेले असते तर डबा लवंडूनही थिनर सांडला नसता आणि दार जळले नसते. आगीला शिडीही कारण आहे, कारण बाई पडलीच नसती तर डब्याला पाय लागला नसता. एकाच नुकसानाला दोन कारणे असणे यात काही अडचण नाही. प्रत्येक कारण ‘नसते तर’मधून पार पडले म्हणजे झाले. झाकण आणि मनगट हे घर रिकामे राहिले, कारण उघड्या डब्याने बाई पडलेली नाही. पाटीची दोन्ही घरे रिकामीच राहिली, कारण आगही पडण्यातूनच सुरू झाली होती.

शेवटची पायरी दूरतेची, म्हणजे रिमोटनेसची. वॅगन माउंड हा 1961 चा प्रिव्ही कौन्सिलचा निवाडा याचा पाया आहे. सिडनीच्या बंदरात जहाजातून इंधनतेल सांडले, ते तरंगत धक्क्यापर्यंत आले आणि तिथल्या वेल्डिंगच्या कामातून पुढे पेट घेतला. तेलाने धक्का माखेल हे अपेक्षित होते, पण पाण्यावर पसरलेले ते तेल पेटेल हे प्रतिवादीला समंजसपणे समजण्याजोगे नव्हते, असा पुरावा होता. म्हणून आगीची भरपाई मिळाली नाही. ज्या प्रकारचे नुकसान अंदाजात येण्याजोगे होते, त्याच प्रकारच्या नुकसानाला जबाबदारी, असा नियम यातून आला.

माझी पहिल्या उत्तरातली चूक ‘प्रकार’ या शब्दात होती. मी विचारले होते की मेणबत्तीचा अंदाज आला असता का. तो कोणालाच आला नसता. पण मेणबत्ती हा नुकसानाचा प्रकार नाही, तो नुकसान होण्याचा मार्ग आहे. ह्यूज विरुद्ध लॉर्ड अ‍ॅडव्होकेट या 1963 च्या निवाड्यात रस्त्यावरचे उघडे मॅनहोल आणि त्याभोवतीचे रॉकेलचे दिवे तसेच सोडून कामगार निघून गेले होते. एका मुलाच्या हातून दिवा आत पडला आणि स्फोट होऊन तो भाजला. स्फोट होईल असे कोणाला वाटले नसते, पण दिव्याने मूल भाजेल हे सहज कळण्याजोगे होते. भाजण्याचा प्रकार तोच, मार्ग मात्र अनपेक्षित, म्हणून भरपाई मिळाली. थिनर उघडा ठेवण्यातला ओळखीचा धोका आगीचाच आहे. वीज गेल्यावर कोणी मेणबत्ती लावणे ही अगदी साधी, निर्दोष कृती आहे, त्यामुळे ती भंगापासून नुकसानापर्यंतची कारणांची साखळीही तोडत नाही.

इथे दोन्ही बाजूंनी घसरता येते. प्रकार फार बारीक सांगितला, ‘दुसऱ्या मजल्यावरच्या मेणबत्तीने पेटलेले दार’ असा, तर जगातले प्रत्येक नुकसान दूरचे ठरेल. फार ढोबळ सांगितला, ‘मालमत्तेचे नुकसान’ असा, तर वॅगन माउंडमध्येही भरपाई द्यावी लागली असती, कारण धक्का तेलाने खराब होणे हेही मालमत्तेचेच नुकसान होते. मी ‘आगीने झालेले नुकसान’ ही पातळी धरली आणि ती का धरली हे एका वाक्यात लिहिले: भंग ज्या धोक्यामुळे भंग ठरतो, त्याच धोक्याच्या नावाने प्रकार सांगावा. डौटी विरुद्ध टर्नर (1964) हा निवाडा मी मर्यादा दाखवण्यासाठी घेतला. तिथे तापलेल्या द्रवात झाकण पडले. द्रव उडून अंगावर येईल हे कळण्याजोगे होते, पण झाकणातल्या रासायनिक बदलामुळे झालेला उद्रेक त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हता, म्हणून दावा फेटाळला गेला. आमच्या प्रश्नात असा अज्ञात गुणधर्म कुठे नाही.

मनगटाची बाजू सोपी निघाली. जिन्यावर पडून हाड मोडेल हे कळण्याजोगे होते. ते सांधले नाही आणि बाईचे काम सुटले, हे तिच्या ठिसूळ हाडांमुळे. नाजूक कवटीचा नियम सांगतो की वादी जशी असेल तशी प्रतिवादीने तिला स्वीकारावे. स्मिथ विरुद्ध लीच ब्रेन या 1962 च्या निवाड्यात ओठावर उडालेल्या वितळलेल्या धातूच्या लहानशा भाजण्यातून कर्करोग झाला आणि कामगार मेला, तरीही मालक जबाबदार ठरला, कारण भाजणे अपेक्षित होते आणि पुढचा विस्तार त्याच्या प्रकृतीमुळे होता. नवख्यांची एक गल्लत इथे होते आणि माझी होता होता राहिली: ठिसूळ हाडांची चर्चा कर्तव्यभंगाच्या पायरीवर करायची नाही. रंगाऱ्याला ती ठाऊक नव्हती हे त्या पायरीवर खरे आहे, पण शिडी उभी ठेवण्याचे कारण निरोगी माणसासाठीही पुरेसे आहे, आणि नुकसान किती मोठे झाले हा प्रश्न त्यानंतरच येतो.

11 ऑगस्टला 1,480 शब्दांचे उत्तर दिले. कर्तव्य 90, भंग 560, कार्यकारणभाव 380, दूरता 410, आणि उरलेले शब्द निष्कर्षाला. 22 ऑगस्टला ते परत आले तेव्हा चौदा गुण होते. पाटीच्या परिच्छेदापाशी बरोबरची खूण होती. जिथे मी ‘रंगाऱ्याला तीन आठवड्यांत काळोखाचा अनुभव आला असणारच’ असे लिहिले होते, तिथे ‘असणारच हे प्रश्नात नाही’ अशी टीप होती, आणि ती योग्य होती. प्रश्नात एवढेच होते की त्याला सांगितले गेले होते, आणि युक्तिवादाला तेवढेच पुरेसे होते.

सर्वांत जास्त गुण टॉर्चवर गेले. ‘टॉर्च न लावल्यामुळे साखळी तुटत नाही’ एवढेच लिहून मी ते वाक्य संपवले होते. मॅडमनी खाली लिहिले होते की साखळी तुटत नाही हे बरोबर, पण बाईची स्वतःची हयगय भरपाई कमी करू शकते, आणि तिलाही समंजस माणसाचेच माप लागते. हातात फोन असताना खिडकी नसलेल्या काळोख्या जिन्यावर समंजस माणूस काय करील? टिपेच्या शेवटी कंसात लिहिले होते: ‘शेजाऱ्याच्या दाराच्या भरपाईत मात्र ही कपात होत नाही, का ते लिहून आणा.’ ते मी पुढच्या आठवड्यात लिहून नेले: दार शेजाऱ्याचे आहे, हयगय बाईची आहे, आणि एकाची हयगय दुसऱ्याच्या भरपाईतून वजा करता येत नाही.